धागा: इंग्रजी अक्षरी संख्यांमधला हायफन – दोन बरोबर उत्तरं, एकच प्रश्न

खोडरबर

नमस्कार मंडळी. इंग्रजी माध्यमाच्या गणित सरावपुस्तकाचं मुद्रितशोधन माझ्याकडे आहे. त्यात "अक्षरी दिलेली संख्या अंकांत लिहा" असा एक स्वाध्याय आहे आणि त्यातल्या एका प्रश्नावरून भांडण जुंपलं आहे. प्रश्न छापला गेलाय तो असा:

```
two hundred thousandths
```

उत्तरसूचीत 0.00002 आहे. पुस्तक वर्गात वापरून बघायला दिलं, तर अर्ध्याहून जास्त मुलांनी 0.200 लिहिलं. शिक्षिकेने सगळ्यांना शून्य दिलं, आणि एका मुलाचे वडील थेट प्रकाशकाकडे पोचले. त्यांचं म्हणणं, मुलगा बरोबर आहे. लेखक म्हणतात, सूची बरोबर आहे. आणि दोघंही माझ्याकडे बघतायत.

शोध घेतल्यावर कळलं की लेखकांच्या मूळ हस्तलिखितात एक हायफन होता. तो त्यांनी ओळीच्या शेवटी शब्द तुटू नये म्हणून न-तुटणारा टाकला होता. मांडणी करणाऱ्याच्या फाँटमध्ये ते चिन्हच नव्हतं, त्यामुळे जागोजागी चौकोनी डबे दिसायला लागले. त्याने एका फटक्यात सगळे डबे काढून तिथे मोकळी जागा टाकली. नंतर मला फाइल आली. मी ट्वेंटी वन, थर्टी फोर वगैरे डोळ्यांना खटकलं तिथे दुरुस्त केलं, पण अपूर्णांकांच्या स्वाध्यायात माझा डोळा अडलाच नाही. वाचताना सगळं सुरळीत वाटत होतं.

तर प्रश्न असा: हायफन नेमका कुठे होता, कुठे हवा, आणि नसेल तर ओळीचा अर्थ काय लावायचा?

भरचौकातला

सोपं आहे की. अपूर्णांक अक्षरी लिहिला की हायफन द्यायचा. टू-थर्ड्स, थ्री-फोर्थ्स. सगळ्यांना माहीत असतं हे. लेखकाने दिला होता, मांडणीवाल्याने खाल्ला. मांडणीवाल्याला धरा.

खोडरबर

धरलाय त्याला, चिंता नको. पण "द्यायचा" म्हणजे कुठे? या ओळीत तीन शब्द आहेत, म्हणजे हायफनसाठी दोन फटी. पहिल्या फटीत, दुसऱ्या फटीत, की दोन्हीत?

भरचौकातला

दोन्हीत द्या ना. जास्त झाला तर काय बिघडतं?

दशांशचिन्ह

बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. खोडरबरताई, तुमचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

इंग्रजी अक्षरी संख्यांत हायफनकडे दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं काम एकाच संख्येच्या आतलं. एकवीस ते नव्याण्णवमध्ये दशक आणि एकक यांना बांधून ठेवणं. ट्वेंटी-वन, नाइन्टी-नाइन. तेरा ते एकोणीस एकसंध शब्द आहेत, दशक पूर्ण असेल तर जोडायला काही नाही, आणि हंड्रेड, थाउजंडच्या आजूबाजूला सामान्यतः हायफन येत नाही. दुसरं काम अपूर्णांकातलं, अंश आणि छेद यांना जोडणं. टू-थर्ड्समधला हायफन हा.

बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण छेदच जोडशब्द असला की दोघं एकाच ओळीत येतात. एक लाखाव्या भागाला इंग्रजीत स्वतंत्र शब्द नाही, तो "हंड्रेड" आणि "थाउजंड" जोडून बनवावा लागतो. त्या जोडाला हायफन लागतो. म्हणजे:

```
two hundred-thousandths   = 2/100000 = 0.00002
two hundred thousandths   = 200/1000 = 0.200
```

वरच्या ओळीत "हंड्रेड" हा छेदाचा भाग, खालच्या ओळीत तो अंशाचा भाग. दोन्ही उत्तरांत दहा हजार पटींचा फरक आहे, आणि तो सगळा त्या एका आडव्या रेघेवर उभा आहे. मूळ हस्तलिखितात हायफन दुसऱ्या फटीत होता हे मी पैजेवर सांगतो.

आता भरचौकातला यांच्या "दोन्हीत द्या"बद्दल. दोन्हीत दिलात तर तिन्ही शब्द एकाच माळेत ओवले जातात, आणि वाचणारा त्याला "दोन लाखावा भाग" समजू शकतो, म्हणजे छेद 200000. तिसरंच उत्तर! म्हणून इंग्रजी लेखनशैलीचं मार्गदर्शक पुस्तक असलेल्या शिकागो मॅन्युअलच्या हायफनच्या तक्त्यात साध्या अपूर्णांकाला हायफन द्यायला सांगितलं आहे, पण दुसरा घटक आधीच हायफनवाला असेल तर देऊ नका असा अपवाद आहे. वन ट्वेंटी-फिफ्थ, म्हणजे पंचविसावा भाग. इथे "वन"नंतर मोकळी जागा राहते. आतली गाठ घट्ट, बाहेरची सैल.

खोडरबर

पैज जिंकलात. आत्ताच हस्तलिखित उघडून बघितलं, दुसऱ्याच फटीत आहे.

म्हणजे छापलं गेलेलं वाचून 0.200 लिहिणारी मुलं बरोबर?

दशांशचिन्ह

छापलेल्या ओळीपुरती, हो. मुलांनी समोर दिसलं ते वाचलं. शून्य द्यायचंच असेल तर ते फाइलला द्या.

वाळवणाची काठी

माझा गोंधळ वेगळाच आहे. लहानपणापासून मी ट्वेंटी-वन बघितलं की मनात "वीस-एक" असं वाचते, आणि आपल्याकडे वीस-एक म्हणजे अंदाजे वीस! "वीस-एक माणसं होती" म्हटलं की अठराही चालतात आणि तेवीसही. तसंच दोन-तीन, पाच-पंचवीस. मराठीत दोन संख्यांमध्ये रेघ आली की नेमकेपणा गेलाच समजा. मग इंग्रजीत तीच रेघ नेमकेपणासाठी कशी काय? की त्यांच्याकडेही ट्वेंटी-वनचा अर्थ कधी "साधारण वीस" होतो?

दशांशचिन्ह

नाही, तिकडे तो अर्थ मुळीच नाही, तिकडे तो निव्वळ एकवीस. पण निरीक्षण झकास आहे. आपल्याला त्या हायफनची गरजच पडत नाही कारण एकवीस ते नव्याण्णव या सगळ्यांना आपल्याकडे एकसंध शब्द आहेत. शिकताना जीव जातो, पण लिहिताना सांधा नाही आणि सांध्याचं दुखणंही नाही. खोडरबरताईंचा प्रश्न मराठीत विचारून बघा: "दोन लक्षांश" आणि "दोनशे सहस्रांश". चुकून तरी गफलत होईल का?

वाळवणाची काठी

अगदी! आणि पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे वेगळेच. ठीक आहे, माझा प्रश्न धाग्याला सोडून होता. वाचतेय पुढे.

मोकळा समास

दशांशचिन्ह यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. टू-थर्ड्सला हायफन नेहमी लागतो हे चूक आहे. नियम असा आहे की विशेषण असेल तर हायफन, नाम असेल तर नाही. "टू-थर्ड्स मेजॉरिटी"मध्ये हवा, पण "टू थर्ड्स ऑफ द क्लास"मध्ये नको, कारण तिथे "टू" हे साधं संख्याविशेषण आहे आणि "थर्ड्स" हे नाम. दोन सफरचंदं, तसे दोन तृतीयांश. "टू-ॲपल्स" लिहितो का आपण? मी कितीतरी प्रबंध तपासलेत, सगळीकडे हेच बघितलंय.

दशांशचिन्ह

तुम्ही बघितलंय ते खरं आहे, कारण प्रबंध बहुधा एपीएच्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, शैलीत असतात आणि एपीए हेच सांगतं. त्यांच्या उदाहरणांत "वन फिफ्थ ऑफ द क्लास" हायफनशिवाय आणि "टू-थर्ड्स मेजॉरिटी" हायफनसह आहे. पण शिकागो नाम आणि विशेषण असा भेद करत नाही, दोन्हीकडे हायफन देतं. वृत्तपत्रांसाठीचं एपी (एक अक्षर कमी, पण संस्था निराळी) एकापेक्षा लहान अपूर्णांक शब्दांत लिहिताना हायफनच द्यायला सांगतं. तेव्हा "नियम असा आहे" याऐवजी "आमच्या शैलीत असं आहे" म्हणा, मग भांडण नाही.

तुमच्या बाजूने एक जुना साक्षीदारही देतो. अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेत पाचव्या कलमात "टू थर्ड्स ऑफ बोथ हाउसेस" आहे, हायफनशिवाय. त्यामुळे मोकळं लिहिणं म्हणजे अडाणीपणा, असं कोणी म्हणू नये.

मोकळा समास

बरं, शैलीचा मुद्दा मान्य. पण सफरचंदाचा तर्क तुम्ही खोडला नाहीत.

दशांशचिन्ह

खोडता येत नाही म्हणून नाही खोडला :) तर्क तुमचाच सरळ आहे. शिकागोवाले दोन तृतीयांशला एकच राशी मानतात, तुम्ही दोन तुकडे मानता. दोन्ही मानता येतं.

टॅबस्पेस

उशिरा आलो. संख्येवरून अक्षरी मजकूर बनवायचं काम माझ्याकडे नेहमी येतं, म्हणून सांगतो. पूर्णांकांच्या बाबतीत ही डोकेदुखी यंत्रावर सोपवा. पायथनमधलं `num2words` हायफन नीट देतं:

```
>>> num2words(21)
'twenty-one'
>>> num2words(121)
'one hundred and twenty-one'
```

आणि ताईंच्या फाइलमध्ये खाल्ले गेलेले हायफन शोधायचे असतील तर ही ओळ चालवा. दशकानंतर मोकळी जागा आणि मग एकक असेल तिथे ती थांबते:

```
\b(twen|thir|for|fif|six|seven|eigh|nine)ty (one|two|three|four|five|six|seven|eight|nine)\b
```

सापडलं की मधे हायफन. अख्खी फाइल दोन मिनिटांत.

दशांशचिन्ह

शोधायला उत्तम. आपोआप बदलायला मात्र अजिबात नको. ही ओळ बघा:

```
twenty four hour shifts
```

इथे चोवीस तासांच्या पाळ्या आहेत, की चार-चार तासांच्या वीस? पहिल्या अर्थाला ट्वेंटी-फोर-अवर असे सगळे जोडलेले हवेत, दुसऱ्याला ट्वेंटी मोकळा ठेवून फोर-अवर जोडलेला. तुमची ओळ हे न विचारता चोवीस करून टाकेल. लेखकाने बरोबर लिहिलेलं असलं, म्हणजे "ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स", तरीही ती थांबेल, कारण "फोर"पुढचा हायफन तिला शब्दाचा शेवट वाटतो.

टॅबस्पेस

हां, ते सुटलं होतं. शेवटी `(?!-)` लावलं की पुढे हायफन असलेल्या जागा वगळल्या जातील. मग तुमचं दुसरं उदाहरण सुटेल. पहिलं नाही सुटणार, ते माणसालाच बघावं लागेल.

आत्ता सहज माझ्याकडच्या एका जुन्या मजकुरावर चालवून बघितली तर हे आलं:

```
In nineteen twenty one of them left
```

1920 साली त्यांच्यातला एक निघून गेला. हायफन टाकला असता तर साल 1921 झालं असतं आणि वाक्याचं धड गायब :D

मोकळा समास

तिथे खरं तर ट्वेंटीनंतर स्वल्पविराम हवा होता.

टॅबस्पेस

हवा होताच. लोक देत नाहीत.

खोडरबर

टॅबस्पेस, ओळ चालवली, `(?!-)`सकट. पूर्ण पुस्तकात 46 जागी थांबली. चाळीस सरळ होत्या, पानांचे उल्लेख वगैरे, तिथे हायफन देऊन मोकळी झाले. उरलेल्या सहा याच स्वाध्यायातल्या. त्यातल्या दोन इथे टाकते:

```
forty one hundredths
thirty four hundredths
```

उत्तरसूचीत अनुक्रमे 0.41 आणि 0.34 आहे. म्हणजे हायफन पहिल्या फटीत द्यायचा, बरोबर ना?

दशांशचिन्ह

बरोबर. फॉर्टी-वन मग मोकळी जागा, मग हंड्रेड्थ्स. इथे अंशातच हायफन आहे, म्हणून अंश आणि छेदाच्या मधे पुन्हा देत नाही. तोच आधीचा अपवाद, उलट्या बाजूने.

दुसऱ्या फटीत गेला तर काय होतं तेही बघून ठेवा, कारण घाईत हात तिकडे जाऊ शकतो. "फॉर्टी"नंतर मोकळी जागा आणि "वन-हंड्रेड्थ्स" जोडलेलं, म्हणजे शंभराव्या भागाचे चाळीस तुकडे, 0.40. एक शतांश हरवला. नजरेला फरक जाणवतही नाही, म्हणून हे जास्त वाईट. तुमचा दहा हजार पटींचा फरक निदान कोणाच्या तरी डोळ्यात खुपला.

दुसरी ओळ तशीच तोडली तर "थर्टी" वेगळा आणि "फोर-हंड्रेड्थ्स" एकत्र. चारशेव्या भागाचे तीस, म्हणजे 30/400, 0.075.

मोकळा समास

थांबा. "फोर-हंड्रेड्थ्स" म्हणजे चारशेवा भाग कसा? तुमच्याच शिकागोप्रमाणे अंश आणि छेद हायफनने जोडायचे, म्हणजे ते चार शतांश झालं, 4/100. मग तीस गुणिले चार शतांश, 1.2!

दशांशचिन्ह

…हे बरोबर आहे. पकडलंत.

सुटा "फोर-हंड्रेड्थ्स" शब्द 0.04 आहे यात शंका नाही. चारशेवा भाग म्हणायचा तर पुढे संख्या लागते, "वन फोर-हंड्रेड्थ". माझ्या उदाहरणात पुढे "थर्टी" होतं म्हणून मी तो छेद धरला. कोणी "चार शतांश, तीस वेळा" असं धरलं तर त्याला हायफन दाखवून चूक ठरवता येणार नाही. 0.075 जास्त स्वाभाविक वाटतं एवढंच म्हणू शकतो. त्या रचनेत एकच चिन्ह दोन्ही कामं करतंय आणि कुठलं काम करतंय हे सांगायला दुसरं चिन्ह नाही.

भरचौकातला

म्हणजे नियम माहीत असलेल्यांचंही जमत नाही. मी म्हटलं होतं ना, सोपं आहे :P

कानोकानी

मी लिप्यंतरण करते, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टंकते. तुमचं सगळं भांडण कागदावरचं आहे. मला तर हायफन ऐकूच येत नाही! बोलणारा "फॉर्टी" नंतर किंचित थांबला की "वन" नंतर, त्यावरून ठरवायचं. आकडे महत्त्वाचे असले की मी सरळ अंकांत लिहिते आणि शंका असेल तिथे वेळेची नोंद टाकून परत विचारते.

पण मला हायफनपेक्षा जास्त छळलंय ते "अँड"ने. गेल्या महिन्यात एका मोजमापाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे आलं:

```
two hundred and three thousandths
```

मी 0.203 लिहिलं. परत आलं, 200.003 हवं होतं म्हणे. यात हायफन कुठे टाकला असता म्हणजे वाचले असते?

दशांशचिन्ह

कुठेच नाही. किंवा एका ठिकाणी, पण अर्धवट. अमेरिकन शाळांत "अँड" फक्त दशांशचिन्हाच्या जागी म्हणायला शिकवतात. त्या सवयीने ते 200 आणि 3 सहस्रांश, 200.003. 203 सहस्रांश असेल तर ते "टू हंड्रेड थ्री" म्हणतील, "अँड" गाळून. ब्रिटिश पद्धतीत 203 वाचतानाच "अँड" येतो, त्यामुळे तुमचं 0.203ही तितकंच सरळ.

लिहिताना "थ्री-थाउजंड्थ्स" असा हायफन दिला तर 3/1000 एक गठ्ठा होतो आणि 200.003कडे पारडं झुकतं. पण हायफन नसेल तर 0.203च आहे असं म्हणता येत नाही, कारण लिहिणारा मोकळा समास यांच्या पंथाचा असू शकतो.

मोकळा समास

पंथ नाही, शैली :)

कानोकानी

म्हणजे मलाच विचारायला हवं होतं. ठीक. पण बोलणारा कुठल्या देशात शिकला हे कसं विचारायचं, हा वेगळा धागा होईल.

वाळवणाची काठी

एक शेवटची शंका, सगळं वाचल्यावर. "अडीच तासांचा" असं इंग्रजीत लिहिताना टू-अँड-अ-हाफ-अवर असे सगळे हायफन बघितलेत मी, आणि दुसरीकडे "टू अँड अ हाफ अवर्स" एकही नाही. दोन्ही बरोबर?

दशांशचिन्ह

दोन्ही. नामाच्या आधी अख्खी माळ विशेषण म्हणून आली की ओवून घ्यायची, नुसती राशी असली की मोकळी. पूर्णांक आणि अपूर्णांकाच्या मधे हायफन नसतो, म्हणजे "टू अँड टू-थर्ड्स"मध्ये तो फक्त शेवटी येतो, तोही शिकागोवाल्यांकडे. ट्वेंटी-फर्स्टचंही तसंच. "द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी" हे नाम, पण त्या शतकाचं साहित्य म्हणायचं तर "ट्वेंटी-फर्स्ट-सेंच्युरी लिटरेचर".

खोडरबर

अपडेट देते. सहाही जागा उत्तरसूचीतल्या अंकांशी एकेक करून ताडून हायफन परत बसवले. नुसत्या शब्दांवरून बसवले असते तर दोन नक्की चुकले असते, कारण त्या ओळी दोन्हीकडून अर्थपूर्ण वाटत होत्या. वर्गात वापरलेल्या प्रतींसाठी प्रकाशकाने शिक्षिकेला कळवलंय की त्या प्रश्नाला 0.200 ग्राह्य धरावं. लेखक अजून नाराज आहेत, त्यांना दोन्ही उत्तरं ग्राह्य हवी होती.

आणि टॅबस्पेस, तुमच्यासाठी काम. लेखकांना ओळ तुटायला नको आहे आणि मांडणीवाल्याला डबे नको आहेत. न-तुटणारा हायफन, U+2011, ठेवला तर फाँट बदलावा लागेल. साधा ठेवला तर पान 83वर "हंड्रेड-" वर राहतंय आणि "थाउजंड्थ्स" खालच्या ओळीत जातंय. हा हायफन आमचा की ओळ तोडणाऱ्याचा, हे मुलाला कसं कळणार?

टॅबस्पेस

फक्त त्या एका चिन्हाला दुसरा फाँट लावता येतो, बाकी मजकूर आहे तसा. पण एक लक्षात ठेवा, मग शोधताना साधा हायफन टंकून तो सापडेलच असं नाही, वर्डमध्ये तर त्याच्या स्वतःच्या न-तुटणाऱ्या हायफनसाठी `^~` टंकावं लागतं. मांडणी कशात केलीय?

खोडरबर

विचारून सांगते. तो फोन उचलत नाहीये सध्या.

मोकळा समास

त्या ओळीत एखादा शब्द वाढवा, जोडी आपसूक खाली सरकेल. आमच्या वेळी असंच करायचो.

दशांशचिन्ह

आणि पुढच्या आवृत्तीत परिच्छेद बदलला की परत तुटेल.

मोकळा समास

तोवर पुस्तक बदललेलं असतं.

खोडरबर

मजकूर बदलायची परवानगी मला नाही, नाहीतर तो प्रश्नच काढून टाकला असता.